फॅलँक्स समोरून अजिंक्य होती, तर मग लीजन जिंकली कशी? (किनोस्केफॅली, इ.स.पू. १९७)

सांजवारा

पॉलिबियस या ग्रीक इतिहासकाराने निःसंदिग्ध शब्दांत लिहून ठेवले आहे की फॅलँक्स, म्हणजे लांब भालेकऱ्यांची दाट रांगांची फळी, आपल्या रचनेत नीट उभी असेल, तर समोरून तिच्यापुढे काहीही टिकत नाही. तोच लेखक त्याच प्रकरणात लीजन ही रोमन पायदळाची रचना सरस का ठरली हेही सांगतो. ही दोन्ही विधाने मी पुन्हा पुन्हा वाचली, तरी मला त्यांची सांगड घालता आलेली नाही. जिला समोरून कोणी हरवू शकत नव्हते, ती फॅलँक्स किनोस्केफॅलीला इ.स.पू. १९७ मध्ये आणि पिद्नाला इ.स.पू. १६८ मध्ये हरली, आणि दोन्ही वेळा तिच्या सैन्याची अक्षरशः कत्तल झाली. रोमन तलवार मॅसिडोनियन भाल्यापेक्षा चांगली होती, एवढ्यावर मला समाधान मानायचे नाही. प्रत्यक्ष रणांगणावर कोणत्या क्षणी काय घडले, हे ज्यांनी बारकाईने वाचले आहे त्यांनी कृपया लिहावे.

डोंगरवाट

याचे उत्तर माझ्या मते जमिनीत आहे. फॅलँक्सला सपाट मैदान लागते आणि किनोस्केफॅली हा थेसलीतला टेकड्यांचा प्रदेश आहे. चढउतारावर रांगा फुटतात आणि फटी पडतात, त्या फटींतून रोमन सैनिक आत शिरतात, आणि एकदा माणूस आत शिरला की एकवीस फुटी भाल्याचा काही उपयोग उरत नाही. थर्मोपिलीला स्पार्टन लोकांनी हेच भाले वापरून पर्शियन सैन्य अडवले, ते केवळ खिंड अरुंद होती म्हणून. जागा चुकली की फॅलँक्स संपली, इतके हे सरळ आहे.

जुनी पोथी

डोंगरवाट, आपले अर्धे उत्तर बरोबर आहे, पण उरलेल्या अर्ध्यात दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत. त्या आधी वेगळ्या करू.

थर्मोपिलीला, म्हणजे इ.स.पू. ४८० मध्ये, लढलेल्या स्पार्टन सैनिकाच्या हातात सात-आठ फुटांचा भाला होता आणि डाव्या हातावर मोठी गोल ढाल होती. तो भाला एका हाताने चालवायचा असे. सरिसा हे लांब भाल्याचे हत्यार त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी, दुसऱ्या फिलिपच्या काळात, मॅसिडोनियात रूढ झाले. ते दोन्ही हातांनीच पेलावे लागते. त्यामुळे ढाल लहान झाली आणि खांद्यावरून पट्ट्याने अडकवली गेली. रोमनांची गाठ पडली ती या दुसऱ्या फॅलँक्सशी.

आता पॉलिबियसचा हिशेब पाहा, कारण त्याच्या पहिल्या विधानाचे मर्म तिथे आहे. त्याच्या काळी सरिसा चौदा हात, म्हणजे सुमारे २१ फूट लांब असे. त्यातले सहा फूट पकडीत आणि तोल राखण्यासाठी मागे जात, म्हणजे माणसाच्या पुढे पंधरा फूट उरत. दोन रांगांमध्ये तीन फुटांचे अंतर असल्याने दुसऱ्या रांगेची टोके पहिल्या सैनिकाच्या पुढे बारा फूट, तिसरीची नऊ, चौथीची सहा आणि पाचवीची तीन फूट येत. सोळा रांगांपैकी पाच रांगांचे भाले अशा रीतीने एकाच वेळी शत्रूच्या अंगावर रोखलेले असत. मागच्या अकरा रांगा आपल्या सरिसा तिरक्या वर धरून येणारे बाण आणि फेकीचे भाले अडवत, आणि आपल्या भाराने पुढच्यांना रेटत राहत. रोमन सैनिकाला तलवार चालवण्यासाठी आणि ढाल फिरवण्यासाठी अंगाभोवती मोकळी जागा लागे, त्यामुळे मॅसिडोनियन सैनिकाला तीन फूट रुंदी पुरत असेल तर रोमनाला सहा फूट लागत. म्हणजे एका रोमनासमोर दोन माणसे आणि दहा पाती येत. एक पाते त्याने ढालीने बाजूला सारले, तरी उरलेल्या नऊ पात्यांचे काय करायचे, हा प्रश्न कोणाच्याही शौर्याने सुटणारा नव्हता.

काठीवाला

मी इतिहासाचा अभ्यासक नाही. आमच्या गावी मुलांना लाठीकाठी शिकवतो, म्हणून माझा अनुभव इथे लिहितो. विषयाला सोडून वाटल्यास दुर्लक्ष करावे.

दोन वर्षांपूर्वी हाच हिशेब वाचून मी सोळा मुलांना अठरा फुटी बांबू दिले आणि चार-चारांच्या चार रांगा करून मैदानावर उभे केले. सहा फूट मागे आणि बारा फूट पुढे अशी पकड घेतल्यावर चारही रांगांची टोके खरोखरच पुढे आली, आणि समोर ढाल घेऊन उभ्या केलेल्या दोन थोराड मुलांना आत शिरायला कुठेच वाट सापडेना. सरळ पुढे चालणेही दोन दिवसांच्या सरावाने जमले. अडचण वेगळीच निघाली. पुढच्या मुलाच्या बांबूचे बूड मागच्या दोन मुलांच्या कमरेपाशी येत होते, त्यामुळे एकाने थोडे अंग वळवले तरी मागचे दोघे अडखळत. उजवीकडे वळा म्हटले की बांबू एकमेकांत अडकून त्यांची मोळी होई. मैदानाच्या कडेला पावसाचे पाणी वाहून जायला खणलेली हातभर रुंदीची चारी आहे. ती ओलांडताना दोन मुले थबकली, दोन पुढे गेली आणि मध्ये माणूस सहज शिरेल एवढी फट पडली. सोळा मुलांची ही गत, तर सोळा हजारांचे काय होत असेल याची कल्पना करवत नाही.

जुनी पोथी

काठीवाला, आपला प्रतिसाद मुळीच विषयाला सोडून नाही. किनोस्केफॅलीचा निकाल आपण लिहिलेल्या ‘वळता न येणे’ या गोष्टीवरच लागला.

दोन्ही सैन्ये फेरे आणि स्कोटुसा या गावांच्या परिसरात होती आणि मध्ये टेकड्यांची रांग होती. आदल्या दिवशीच्या पावसानंतर सकाळी इतके दाट धुके पसरले होते की कोणालाच लांबचे दिसत नव्हते. माथ्यावर दोन्हीकडच्या टेहळणी तुकड्यांची अचानक गाठ पडली, चकमक वाढत गेली आणि दोन्ही बाजूंनी कुमक येत राहिली. मॅसिडोनियाच्या राजाला, पाचव्या फिलिपला, ती जागा लढाईसाठी पसंत नव्हती. त्याची बरीच माणसे चारा आणायला पांगलेली होती. पण माथ्यावरून विजयाच्या बातम्या येऊ लागल्या, तेव्हा त्याने हाताशी असलेली उजवी बाजू घेऊन चढाई केली आणि उरलेल्यांना घेऊन मागोमाग येण्यास निकानोर या सरदाराला सांगितले. याच निकानोरला ‘हत्ती’ असे टोपणनाव होते.

माथ्यावर पोचल्यावर फिलिपने रांगांची खोली दुप्पट केली, सैनिकांना उजवीकडे दाटीने उभे केले, सरिसा खाली घेण्याचा हुकूम दिला आणि उतारावरून तो रोमनांच्या डाव्या बाजूवर कोसळला. डोंगरवाट यांनी हे अवश्य लक्षात घ्यावे की याच टेकडीवर, याच ओबडधोबड जमिनीवर फॅलँक्सने रोमन डावी बाजू पायरी-पायरीने मागे रेटली. रोमन सेनापती फ्लामिनिनस स्वतः त्या बाजूला होता. तिथे आता काही होण्यासारखे नाही हे ओळखून तो घोड्यावरून आपल्या उजव्या बाजूकडे गेला आणि हत्ती पुढे घालून त्याने तिथून हल्ला चढवला. समोर निकानोरची माणसे नुकतीच वर येत होती. ती अजून चालीच्या क्रमात होती, रणरचनेत उभी नव्हती, आणि काही तर वाटेवरच होती. ती फारसा प्रतिकार न करता उधळली.

इथपर्यंत दोघांची एकेक बाजू जिंकलेली आणि एकेक हरलेली होती. रोमन उजवी बाजू पळणाऱ्यांचा पाठलाग करत असताना त्यांच्यातल्या एका ट्रिब्यूनने, म्हणजे मधल्या दर्जाच्या अधिकाऱ्याने, वीसेक मॅनिपल, म्हणजे लीजनमधल्या लहान तुकड्या, बाजूला काढले, त्यांचे तोंड डावीकडे फिरवले आणि फिलिपच्या विजयी फॅलँक्सच्या पाठीवर नेऊन घातले. मॅनिपल भरलेले असतील तर ही माणसे दोन-अडीच हजारांच्या पलीकडे जात नाहीत. फॅलँक्स मात्र आपल्या यशात गुंतून उताराखाली गेलेली होती, त्यामुळे तिच्यामागची उंच जागा आयतीच मोकळी होती. तिला मागे वळता येईना आणि एकेकट्याने लढताही येईना. पॉलिबियसच्या आकड्यांनुसार रोमनांची सुमारे ७०० माणसे पडली, तर मॅसिडोनियनांची ८,००० मारली गेली आणि ५,००० पकडली गेली.

सांजवारा

हा तपशील मला इतक्या स्पष्टपणे ठाऊक नव्हता. तरीही एक शंका उरते. त्या ट्रिब्यूनच्या जागी मॅसिडोनियन अधिकारी असता, तर त्यालाही हे सुचले नसते का? एका माणसाच्या सुबुद्धीला आपण उगाच रचनेचे श्रेय देत आहोत, असे तर होत नाही ना?

जुनी पोथी

सुचले असते, पण करता आले नसते. सुचणे आणि करता येणे यांतले अंतर हाच या रचनांमधला फरक आहे, असे माझे मत आहे.

त्या काळच्या लीजनमध्ये सुमारे ४,२०० पायदळ असे. सर्वांत पुढे १,२०० हलके सैनिक विखुरलेले असत. त्यांच्यामागे तरुणांची, अनुभवी प्रौढांची आणि मुरलेल्या जुन्या सैनिकांची अशा तीन फळ्या एकामागे एक उभ्या राहत. प्रत्येक फळीचे दहा मॅनिपल पडत. पहिल्या दोन फळ्यांत मॅनिपलमागे १२० माणसे असत आणि तिसरीत ६०. प्रत्येक मॅनिपलला स्वतःचे निशाण आणि दोन सेंच्युरियन असत. पहिली फळी लढत असताना मागच्या दोन फळ्यांतली माणसे ताजी, हातात फेकीचा भाला किंवा तलवार घेतलेली आणि मुख्य म्हणजे मोकळी असत. त्यांच्या हत्याराला शेजाऱ्याचा आधार लागत नसे. शंभर माणसांना घेऊन निशाण डावीकडे निघाले की शंभर माणसे डावीकडे निघत.

फॅलँक्समध्येही २५६ माणसांचे गट होते आणि त्यांचे अधिकारी होते, हे खरे आहे. पण तो गट एकदा ओळीत उभा राहिला की त्याची सगळी ताकद ओळ अखंड राहण्यावर अवलंबून असे. मधूनच वीस गट काढून नेले तर उरलेल्या ओळीला खिंडार पडणार, आणि काढलेल्या गटांच्या बगला उघड्या पडणार. शिवाय सोळाही रांगा एकाच कामाला जुंपलेल्या असल्याने राखीव असे वेगळे काही उरतच नाही.

निळी शाई

क्षमस्व, पण सगळे जण कासवाची रचना विसरत आहेत. रोमन सैनिक डोक्यावर आणि चारही बाजूंनी ढाली जोडून एक कवच करत असत, ते आपण अनेक चित्रांत पाहिले आहे. त्या कवचाखाली राहून ते भाल्यांच्या आतपर्यंत पोचले असतील, असे मला वाटते. मूळ प्रश्नाचे उत्तर तेच नाही का?

पायदळी

निळी शाई, ती रचना वरून येणाऱ्या दगडांपासून आणि बाणांपासून बचाव करण्यासाठी, विशेषतः तटाला भिडताना उपयोगी होती. तीत माणसे इतकी चिकटून असतात की तलवार चालवता येत नाही, आणि समोरून दोन हातांनी रेटलेले भाले आले तर ती जागच्या जागी अडकेल. किनोस्केफॅली किंवा पिद्नाच्या वर्णनांत तिचा वापर कुठेही दिसत नाही.

पिद्नाला रोमनांनी समोरून काय करून पाहिले याचे वर्णन प्लुटार्कने केले आहे. सैनिकांनी तलवारीने सरिसा तोडण्याचा प्रयत्न केला, ढालीने त्या बाजूला सारल्या, काहींनी तर हातांनी धरून ओढल्या. पेलिग्नी या इटालियन तुकडीचा नायक साल्वियस याने तुकडीचे निशाणच शत्रूच्या गर्दीत भिरकावले, म्हणजे ते परत आणण्याच्या ईर्ष्येने तरी माणसे आत घुसतील. माणसे घुसली आणि भाल्यांवर पडली. सरिसा ढाल आणि चिलखत दोन्ही भेदून जात होत्या. रोमन सेनापती एमिलियस पॉलस पुढे सांगत असे की त्या भिंतीइतके भयंकर दृश्य त्याने कधी पाहिले नव्हते.

मग ओळ पुढे सरकत सपाटी सोडून डोंगराच्या पायथ्याकडे आली. जमीन खालीवर असल्याने आणि ओळ फार लांब असल्याने ती काही ठिकाणी पुढे गेली, काही ठिकाणी मागे राहिली आणि तिच्यात फटी पडल्या. पॉलसने एका मोठ्या लढाईऐवजी पुष्कळ लहान लढाया लढण्याचा हुकूम दिला: ज्याला जिथे फट दिसेल त्याने तिथे शिरावे. तासाभरात सगळे आटोपले. काठीवाला यांच्या चारीची गोष्ट वाचताना मला हेच आठवले. डोंगरवाट यांचे म्हणणे किनोस्केफॅलीपेक्षा पिद्नाला अधिक लागू पडते.

डोंगरवाट

स्पार्टन भाल्याची चूक मान्य आहे. पण मग माझा मुद्दा पिद्नाला तरी उभा राहतो, याची नोंद व्हावी. शिवाय पॉलिबियस स्वतःच म्हणतो की खड्डे, ओढे, झाडी नसलेली वीस स्टेडियमची, म्हणजे साधारण साडेतीन किलोमीटरची मोकळी जागा मिळणे दुर्मीळ असते, आणि मिळालीच तरी शत्रू तिथे लढायला आलाच पाहिजे असे नाही.

पायदळी

नोंद झाली. मात्र उलट बाजूचे एक उदाहरणही विसरू नये. किनोस्केफॅलीच्या आदल्या वर्षी, इ.स.पू. १९८ मध्ये, याच फ्लामिनिनसने थेसलीतल्या अॅट्रॅक्स या गावाला वेढा घातला आणि तटाला खिंडार पाडले. त्या खिंडारात मॅसिडोनियन सैनिक भाले रोखून दाटीने उभे राहिले. दोन्ही बगलांना तटाची भिंत, शत्रूला यायला एकच वाट, आणि तीही समोरून! रोमनांची तुकडीमागून तुकडी गेली आणि मागे फिरली. वेढ्याचा लाकडी मनोराही चाक रुतल्याने कलला, आणि अखेर फ्लामिनिनसने नाद सोडला. म्हणजे तीच माणसे, तीच हत्यारे आणि तोच सेनापती असूनही, वळून जाण्याची वाट बंद झाल्यावर लीजनला काही करता आले नाही.

माळरान

सर्वांचे प्रतिसाद वाचले. तरी मला हा सगळा रचनांचा विचार थोडा भ्रामक वाटतो, आणि याबाबतीत मी जुनी पोथी यांच्याशी सहमत नाही.

एपिरसचा ग्रीक राजा पिऱ्हस याने इ.स.पू. २८० मध्ये हेराक्लियाला आणि पुढच्या वर्षी आस्क्युलमला याच मॅनिपलच्या लीजनांना हरवले. कार्थेजचा सेनापती हॅनिबाल याने इ.स.पू. २१६ मध्ये कॅनीला त्यांचे सैन्य जवळजवळ पुसून टाकले. लवचीक रचना हे जर रहस्य असेल, तर हे पराभव कसे झाले? खरा फरक पराभवानंतर दिसतो. रोमने दर वेळी नवीन लीजन उभ्या केल्या. इ.स.पू. २२५ च्या सुमारास रोम आणि तिच्या इटालियन मित्रांकडे शस्त्र धरू शकणारे ७,००,००० हून अधिक पायदळ होते, हा आकडाही पॉलिबियसचाच आहे. याउलट किनोस्केफॅलीच्या मोहिमेसाठी फिलिपला सोळा वर्षांची पोरे आणि निवृत्त झालेले म्हातारे गोळा करावे लागले होते. त्याची फॅलँक्स सुमारे १६,००० ची होती, आणि ती एकदा गेली की दुसरी नव्हती. एका दुपारच्या पराभवाने त्याला तह करावा लागला. रोम एक लढाई हरली असती, तर पुढच्या वर्षी दुसरा कॉन्सल आला असता.

आणखी एक गोष्ट सांगतो. पॉलिबियस पिद्नानंतर ओलीस म्हणून रोमला नेला गेला आणि तिथे एमिलियस पॉलसच्या मुलाचा स्नेही झाला. ज्या घराने फॅलँक्स मोडली त्या घराच्या छायेत बसून त्याने लिहिले आहे, हे वाचकाने मनात ठेवावे.

जुनी पोथी

माळरान, मनुष्यबळाचा मुद्दा मला मान्य आहे. युद्ध कोण जिंकले याचे ते उत्तर आहे, आणि बहुधा माझ्या उत्तरापेक्षा मोठे आहे. पण किनोस्केफॅलीला दोन्ही सैन्ये जवळजवळ सारखी होती, सुमारे पंचवीस-सव्वीस हजारांची. इटलीत बसलेले लाखो लोक त्या टेकडीवर नव्हते. ती एक लढाई कशी फिरली याचे उत्तर टेकडीवरच शोधावे लागते.

पिऱ्हसचे उदाहरण तर मला माझ्या बाजूचेच वाटते. पॉलिबियस सांगतो की त्याने आपल्या फॅलँक्सच्या गटांमध्ये आलटूनपालटून इटालियन सैनिकांच्या तुकड्या उभ्या केल्या होत्या. नुसती अखंड ओळ पुरणार नाही हे त्या हुशार राजाला त्याच वेळी उमगले असावे. अलेक्झांडरच्या सैन्यातही फॅलँक्सचे काम शत्रूला जागी खिळवून धरण्याचे होते आणि निर्णायक घाव घोडदळ घालत असे. फिलिपकडे २,००० घोडेस्वार होते, पण त्यांनी त्या दिवशी फॅलँक्सची पाठ राखली नाही. ऐरण होती, पण हातोडा नव्हता.

पॉलिबियसच्या पक्षपाताविषयी म्हणायचे तर रोमनांच्या घरी बसूनही त्याने ‘समोरून फॅलँक्स अजिंक्य’ असे लिहिले, त्यामुळे मी त्यावर अधिक विश्वास ठेवतो.

माळरान

घोडदळाविषयी सहमत. बाकी मतभेद तसाच राहू द्यावा. पिद्नाला फिलिपचा मुलगा पर्सियस याच्याकडे फिलिपपेक्षा दुप्पट घोडदळ होते आणि ते लढाई अंगावर न घेता निघून गेले, याचा खुलासा केवळ रचनेने होत नाही.

सांजवारा

सर्वांचे आभार. एक शेवटची शंका विचारतो. त्या ट्रिब्यूनचे नाव काय होते? आणि लीजनच्या मॅनिपलमध्ये जी मोकळी जागा सोडलेली असे, ती प्रत्यक्ष लढतानाही तशीच राहत असेल, तर फॅलँक्सनेच तीत का शिरू नये?

पायदळी

नाव पॉलिबियसने दिलेले नाही. निकानोरचे टोपणनाव राहिले आणि ज्याने लढाई फिरवली त्याचे नाव गेले.

मोकळ्या जागेबद्दल अभ्यासकांत आजही वाद आहे. भिडण्याआधी मॅनिपल पसरून ती भरून काढत असत असे काही जण मानतात, तर ती लढतानाही कायम राहत असे आणि मागची फळी तिच्यावर नजर ठेवून असे, असे इतरांचे मत आहे. दुसरे मत खरे असेल, तर फॅलँक्सला तीत शिरण्यासाठी स्वतःची ओळ मोडावी लागली असती. एवढे मी तर्काने सांगू शकतो, त्यापलीकडे नाही.

काठीवाला

हा धागा वाचून या रविवारी मुलांना पुन्हा मैदानावर घेतले आणि ‘मागून हल्ला आला आहे, फिरा’ एवढेच सांगितले. बांबू आडवे ठेवून फिरायचा प्रयत्न तीनदा फसला. एकाच्या कपाळाला टोकही लागले, सुदैवाने फडके बांधलेले होते. चौथ्या वेळी मुलांनी आपणहूनच मार्ग काढला. सर्वांनी बांबू सरळ उभे केले, जागच्या जागी वळले आणि मग पुन्हा खाली घेतले. तेवढ्या वेळात ढालवाली दोन्ही पोरे त्यांच्यात शिरून मोकळी झाली होती.

किनोस्केफॅलीला शेवटी सरिसा उभ्या केल्या गेल्या असे मी कुठेतरी वाचल्यासारखे वाटते. त्याही वळण्यासाठीच होत्या का?

जुनी पोथी

नाही. सरिसा सरळ उभी करणे ही मॅसिडोनियनांची शरण आल्याची खूण होती. रोमन सैनिकांना ती ठाऊक नव्हती. फ्लामिनिनसने तिचा अर्थ विचारून घेतला आणि त्या माणसांना सोडावे असे त्याच्या मनात आले, पण तोपर्यंत पुढचे रोमन त्यांच्यावर तुटून पडले होते.

आपल्या मुलांनी जे केले ते पाहता, उभे झालेले ते भाले शरणागतीसाठी आहेत की माघारी फिरून लढण्यासाठी, हे समोरच्या रोमनाला लांबून कसे ओळखता आले असते, हा प्रश्न मात्र मला आजवर पडला नव्हता.